सात वर्षांचं नातं मी मेसेजवर थांबवलं, त्याची हकीकत

21 सप्टेंबर 2024, शनिवार, दुपारी दोन वाजता मी तो मेसेज पाठवला. पाठवण्याआधीचे पाच आठवडे मी इंटरनेटवर शोधत होते की हे कुणी नीट, माणुसकीनं केलंय का, आणि केलं तर नेमकं काय लिहिलं. सापडलं ते बहुतेक "मेसेजवर असं कधीच करू नये" एवढंच. माझ्यासारखं कुणी अडकलं असेल तर त्याला निदान एक हकीकत वाचायला मिळावी म्हणून लिहिते आहे. ज्याला मेसेज पाठवला त्याची ओळख पटेल असं काही लिहिणार नाही. हे लिहिते आहे हे त्याला ठाऊक आहे.

आम्ही पुण्यात शिकताना 2017 मध्ये एकत्र आलो. 2020 च्या शेवटी तो नोकरीसाठी जर्मनीला गेला. 2021 मध्ये बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, मी पुण्याची नोकरी सोडून तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावी परत आले आणि साडेतीन एकर द्राक्षबाग बघायला लागले. सुरुवातीला दोघांनाही वाटत होतं की हे तात्पुरतं आहे. तो म्हणायचा चार वर्षांनी परत येतो, मी म्हणायचे बाबा सावरले की तिकडे येते. दोघंही खरं बोलत होतो, पण दोघांचंही मन बदलत गेलं.

बाग कशी बांधून ठेवते हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, मग उन्हाळाभर काडी तयार करणं, सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, तिच्या पाठोपाठ डोळे फुटावेत म्हणून पेस्ट लावणं. पाऊस लांबला की डाऊनी रोगाच्या भीतीनं पहाटे उठून फवारणी. जानेवारीपासून माल, मग शेडवर बेदाणा. पहिल्या वर्षी हे सगळं मी नाइलाजानं केलं. तिसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं की मला दुसरं काही करायचंच नाही. त्याचंही तिकडे तसंच झालं. मे 2023 मध्ये खरड छाटणी उरकून मी बारा दिवस त्याच्याकडे गेले होते. 80 युरो व्हिसा फी, मुंबईला बोटांचे ठसे द्यायला एक खेप, कागदपत्रांची जाडजूड फाइल. तिथे तो भाजीवाल्याशी जर्मनमध्ये गप्पा मारत होता, संध्याकाळी सायकलवरून घरी येत होता. इतका मोकळा तो मला पुण्यातही कधी दिसला नव्हता. परतीच्या विमानात मी रडले, आणि त्याचं कारण निव्वळ विरह नव्हतं.

जून 2024 मध्ये जर्मनीचा नवा कायदा लागू झाला. नागरिकत्वासाठी आठ वर्षांऐवजी पाच वर्षांचं वास्तव्य पुरेसं झालं. तो आनंदानं म्हणाला, पाच वर्षं पुरी झाली की अर्ज करणार. भारताचा कायदा दुसरं नागरिकत्व घेतल्यावर आपलं ठेवू देत नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना ओसीआय कार्ड मिळतं, पण त्या कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही. हे त्याला माहीत होतं, आणि त्याची त्याला अडचण वाटत नव्हती. मला वाटली. दोघांपैकी कुणाचंच चुकत नव्हतं, म्हणूनच भांडायला जागा नव्हती आणि सुटकाही नव्हती.

मेसेजच का

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळत होता. समोरासमोर सांगायचं तर डिसेंबरपर्यंत थांबावं लागणार होतं. तो डिसेंबरमध्ये यायचं ठरवत होता आणि या खेपेला घरी आमच्याबद्दल सांगणार होता. म्हणजे त्यानं सत्तर-ऐंशी हजारांचं तिकीट काढायचं, वर्षभराची सुट्टी साठवायची, आनंदात यायचं, आणि मी त्याला विमानतळावरून आणून हे ऐकवायचं. शिवाय तीन महिने मला रोज खोटं वागावं लागलं असतं. तिकीट निघायच्या आणि घरच्यांच्या कानावर जायच्या आत त्याला कळणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

मग फोन का नाही? कारण फोन आम्ही तीनदा करून पाहिला होता: जानेवारी, एप्रिल आणि जुलैमध्ये. दर वेळी एकच व्हायचं. मी विषय काढायचे, त्याचा आवाज बदलायचा, मी त्याची समजूत घालायचे आणि समजूत घालता घालता माझं म्हणणं मागे घ्यायचे. शेवटी "बघू, निघेल काहीतरी" यावर फोन ठेवायचा. जुलैच्या फोनवर तोच म्हणाला होता, "मला तुझं नक्की काय ते कळत नाही. एकदा नीट लिहून सांग." ते वाक्य नसतं तर मी लिहिलं असतं का, सांगता येत नाही.

म्हणून हे आमच्या बाबतीत जमलं. तुम्ही एका शहरात राहत असाल, तो विषय पूर्वी कधी निघालाच नसेल, किंवा साखरपुडा झाला असेल, तर मी मेसेजचा सल्ला देणार नाही. आमच्या मेसेजमध्ये त्याला नवीन अशी एकच गोष्ट होती: माझा निर्णय. कारणं त्याला पाठ होती. कारणंही नवीन असतील तर माणसाला विचारायला समोर कुणीतरी लागतं. (आणि समोरच्या माणसाची भीती वाटत असेल तर हे सगळं बाजूला ठेवा, तिथे आधी स्वतःची सुरक्षितता बघायची.)

तीन खर्डे

पहिला खर्डा 17 ऑगस्टला वहीत लिहिला. साडेसहा पानं झाली. त्यात बाग होती, बाबा होते, ओसीआय होतं, त्याची आई मला स्वीकारेल का हेही होतं. दुसऱ्या दिवशी वाचताना दिसलं की मी त्याला पटवते आहे. प्रत्येक कारणाला त्याच्याकडे उत्तर असणार होतं: बाग कसायला देता येते, बाबांसाठी माणूस ठेवता येतो, आईशी मी बोलतो. सगळी उत्तरं बरोबर असती आणि तरी माझा निर्णय तोच राहिला असता. मग ती कारणं लिहून मी त्याला एक वाद देत होते, जो तो जिंकू शकणार नव्हता. ते मला फार क्रूर वाटलं.

दुसरा खर्डा चार ओळींचा. "मला वाटतं आपण सध्या इथेच थांबूया. बहुतेक दोघांसाठी तेच बरं. तू खूप चांगला आहेस. आपण कायम मित्र राहू." हा वरून सौम्य दिसतो, पण मी तो मोठ्यानं वाचला आणि त्याच्या जागी बसून ऐकला. "सध्या" म्हणजे पुढे कधी? "बहुतेक" म्हणजे अजून नक्की नाही का? आणि "थांबूया" हे सगळ्यात वाईट. "थांबूया" म्हटलं की तो जणू दोघांचा ठराव होतो. त्याला तर थांबायचं नव्हतं. आपल्या मराठीत "आपण" इतक्या मायेनं येतं की त्याच्याआड लपायला सोपं जातं. निर्णय माझा होता, तर वाक्याची कर्तीही मीच असायला हवी होते. "मी थांबवते आहे" हे लिहायला मला दोन दिवस लागले.

"तू खूप चांगला आहेस" हेही काढलं. ते कुणालाही लिहिता येतं. त्याऐवजी त्यानं केलेली एकच गोष्ट लिहायची ठरवली, जी फक्त त्याची होती. आणि "मित्र राहू" काढलं, कारण ते वचन मला त्या दिवशी देता येणार नव्हतं आणि त्यानं ते लगेच मागितलंही असतं. "माफ कर" पाचदा होतं, ते सगळं काढलं. पुन्हा पुन्हा माफी मागितली की त्यालाच माझं सांत्वन करावं लागतं.

तिसरा खर्डा 8 सप्टेंबरला झाला आणि मी तो बारा दिवस तसाच ठेवला. दर दोन-तीन दिवसांनी वाचायचे आणि जे वाक्य त्या दिवशी खरं वाटणार नाही ते खोडायचे. रागाच्या दिवशी लिहिलेलं एक वाक्य दोन दिवसांत गळालं. प्रेमाच्या दिवशी घातलेलं एक आश्वासनही गळालं. मैत्रिणीला वाचून दाखवायचा मोह झाला, पण दाखवलं नाही. जे त्याला सांगायचं ते त्याच्याआधी दुसऱ्या कुणाला कळणं मला बरोबर वाटेना.

खर्डा त्याच्या चॅटमध्ये कधीही लिहू नका. बोट चुकून पडलं तर अर्धवट मेसेज जातो, आणि तो ऑनलाइन असेल तर त्याला "टायपिंग" दिसत राहतं. व्हॉट्सअपवर स्वतःच्याच नंबरला मेसेज करता येतो. मी तिथे लिहीत होते.

दिवस आणि वेळ

7 ते 17 सप्टेंबर गणपती होते. 3 ऑक्टोबरला त्याचा वाढदिवस. फळछाटणी 28 तारखेला धरली होती आणि एकदा ती सुरू झाली की मला फोन हातात धरायला वेळ नसतो. हातात एकच शनिवार उरत होता. शनिवार अशासाठी की त्याला पुढचा दीड दिवस ऑफिस नसावं. रात्री पाठवायचं नव्हतं, कारण मग तो एकटा जागत बसला असता. उन्हाळ्यात तिकडची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. आपले दुपारचे दोन म्हणजे त्याचे सकाळचे साडेदहा. त्या वेळी तो घरी असतो, चहा झालेला असतो आणि घरात त्याचा मित्रही असतो.

आदल्या रात्री "उद्या तुझ्याशी बोलायचंय" असं काही मी लिहिलं नाही. असा मेसेज आला की माणूस रात्रभर जळत राहतो.

आणखी एक साधी गोष्ट, जी मला ऐन वेळी सुचली. फोन लॉक असला तरी मेसेजची पहिली ओळ पडद्यावर दिसते. निर्णयच पहिल्या ओळीत असता तर तो दुकानात उभा असताना त्याच्या डोळ्यांवर आदळला असता. म्हणून पहिली ओळ वेगळी ठेवली, पण दुसऱ्याच वाक्यात सांगून टाकलं. तुकड्यातुकड्यांनीही पाठवलं नाही. सगळा मिळून हा एकच मेसेज:

"हा मेसेज मोठा आहे आणि आपल्याबद्दल आहे, घरी निवांत बसून वाच.

मी आपलं नातं इथे थांबवते आहे. नीट विचार करून ठरवलं आहे. तुला हे एकट्यानं वाचावं लागतंय याचं मला फार वाईट वाटतं.

तुला तिकडे घर करायचं आहे आणि मला इथून हलायचं नाही. यात तुझी काही चूक नाही. आपण तीन वर्षं मधला रस्ता शोधला. जो काही निघत होता त्यात आपल्यापैकी एकाला जन्मभर परक्या ठिकाणी राहावं लागलं असतं. ते मी तुझ्याकडून मागणार नाही आणि मला स्वतःलाही जमणार नाही.

बाबा आयसीयूत होते तेव्हा अकरा रात्री तू फोन चालू ठेवून झोपलास. ते मी विसरणार नाही.

डिसेंबरला घरच्यांसाठी नक्की ये, पण माझ्यासाठी तिकीट काढू नकोस. आपल्याबद्दल कुणाला काय सांगायचं ते तू ठरव, मी तेच सांगेन.

लगेच उत्तर देऊ नकोस. राग आला तर तोही लिही. बोलावंसं वाटलं तर उद्या संध्याकाळी मी मोकळी आहे. निर्णय बदलणार नाही, पण तुझं सगळं ऐकेन. तुझा जन्मदाखला मिळाला आहे, तू सांगशील तिथे पोचवते."

जन्मदाखल्याचं त्यात कशाला, असं वाटेल. त्याला नागरिकत्वाच्या फाइलसाठी तो लागणार होता आणि त्याचा जन्म आमच्याच तालुक्यातला म्हणून ते काम मी अंगावर घेतलं होतं. दोन खेपा आणि तीन आठवड्यांनी तो हातात आला. तो येईपर्यंत मी मेसेज थांबवला होता. अर्धवट काम ठेवून बाजूला झाले असते तर त्याला माझ्याकडेच पुन्हा मागावं लागलं असतं.

वाट बघणं

दोन वाजता पाठवला. दोन वाजून सात मिनिटांनी निळ्या खुणा आल्या. पाठवल्यावर पंधरा मिनिटं मेसेज दुरुस्त करता येतो, आणि त्या पंधरा मिनिटांत मी चार वेळा "पण" घालायला गेले. शेवटी फोन आईकडे दिला आणि बागेत जाऊन बसले. आईला एवढंच सांगितलं होतं की आज मी त्याला कळवते आहे. ती काही बोलली नाही, चारच्या सुमारास चहा घेऊन आली.

त्यानं वाचल्यावर तासाभरानं मी त्याच्या घरातल्या मित्राला एक ओळ पाठवली, "आज त्याच्यासोबत थांबशील का?" कारण सांगितलं नाही. हे आधी केलं असतं तर ती चहाडी झाली असती.

सहा पन्नासला उत्तर आलं. "वाचलं. आज बोलणार नाही." रात्री सव्वाअकराला दुसरं: "सात वर्षं, आणि मेसेज?"

मी लिहिलं, "हो. तुला हे मेसेजवर मिळालं याचं दुःख मलाही आहे." त्यापुढे "समोर सांगायचं तर डिसेंबरपर्यंत..." असं एक वाक्य लिहिलं होतं, ते पाठवायच्या आधी पुसलं. ते खरं होतं, पण त्या रात्री तो विचारत नव्हता, त्याला लागलं होतं ते सांगत होता.

रविवारी संध्याकाळी सातला फोन झाला, पन्नास मिनिटं. पहिली वीस मिनिटं तो बोलला आणि मी ऐकलं. मग त्यानं विचारलं, "मी पाच वर्षांत परत आलो तर?" या प्रश्नाची मी महिनाभर तयारी केली होती, तरी घशाशी आलं. मी म्हटलं, "जुलैमध्ये तूच म्हणाला होतास की तुला परत यायचं नाही. ते तू शांतपणे म्हणाला होतास. आज घाबरून म्हणतोयस." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हो, खरंय." आम्ही दोघं रडलो. या वेळी मी काहीही मागे घेतलं नाही. लेखी आधीच पोचलं होतं, त्याचा इथे खरा उपयोग झाला: फोनवर निर्णय सांगायचा नव्हता, नुसतं एकमेकांजवळ असायचं होतं.

शेवटी तीन गोष्टी ठरल्या. तीन महिने संपर्क नाही. कुणाचं आजारपण वगैरे असेल तर त्याच्या बहिणीमार्फत कळवायचं. घरी दोघांनी एकच वाक्य सांगायचं, "आम्हाला राहायचं ठिकाण जुळलं नाही." आणि ब्लॉक कुणी कुणाला करायचं नाही.

मागचं आवरणं

हे काम वाटतं त्यापेक्षा लांबतं. फोटोंचा सामाईक अल्बम होता. तो डिलीट न करता त्याला त्याच्या प्रती उतरवून घ्यायला महिना दिला, मग शेअरिंग बंद केलं. चॅट अर्काइव्हमध्ये टाकला. पुसू नका, निदान लगेच तरी नको. मला ऑक्टोबरमध्ये दोनदा तो शेवटचा मेसेज स्वतःच वाचावा लागला, आपण हे का केलं ते आठवायला. त्याची पुस्तकं, एक जाकीट आणि जन्मदाखला पुण्याला त्याच्या बहिणीकडे पाठवला. दोन खोक्यांचे कुरिअरचे 640 रुपये झाले. दाखला त्यात न घालता वेगळा स्पीड पोस्टनं पाठवला, मूळ कागद खोक्यात घालू नये.

बँकेतल्या माझ्या एका ठेवीवर नॉमिनी म्हणून त्याचं नाव होतं, हे नोव्हेंबरमध्ये आठवलं. तेव्हा त्यासाठी डीए-3 नावाचा फॉर्म होता, त्यावर जुनं नाव रद्द होऊन नवं लागलं, पैसे पडले नाहीत. पावती मागून घ्या. मी आईचं नाव घातलं. काउंटरवरच्या बाईंनी काही विचारलं नाही, तरी बाहेर येऊन मी पायरीवर दहा मिनिटं बसले होते. मेसेजच्या दिवशीसुद्धा इतकं रडू आलं नव्हतं.

तीन महिन्यांच्या मुदतीत मी एकदाच चुकले. ऑक्टोबरात छाटणीनंतर सलग पाऊस लागला आणि मी सवयीनं ढगांचा फोटो काढून त्याच्या चॅटमध्ये टाकला. लगेच लिहिलं, "चुकून आला." त्यानं उत्तर दिलं नाही, आणि मला ते बरं वाटलं.

डिसेंबरमध्ये तो आला, पुण्यालाच राहिला. आम्ही भेटलो नाही. 25 तारखेला त्याची एक ओळ आली: "घरी सांगितलं. ठीक आहे सगळं." मी "बरं झालं सांगितलंस" एवढंच लिहिलं.

मार्चमध्ये बेदाणा तयार झाला तेव्हा त्याच्या बहिणीचा फोन आला. दरवर्षी त्यांच्याकडे दोन किलो जातो. ती जरा अडखळत म्हणाली, "यंदाही पाठवशील का गं?" मी म्हटलं, पाठवते की. निवडून, जाड पिशवीत बांधून दुसऱ्या दिवशी पाठवला. संध्याकाळी तिनं यूपीआयवर पैसे टाकले. आधीच्या वर्षी तिनं असेच टाकले होते तेव्हा मी रागावून परत पाठवले होते. यंदा ठेवून घेतले.